धडा जुना, रांगेत शेवटी

झाशीच्या नगरा भागातला एखादा विद्यार्थी लिबरऑफिस रायटर शिकायला बसतो, तेव्हा त्याला पहिला धडा हवा असतो, काल चढवलेला नव्हे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची मांडणी याच गरजेवर उभी आहे. साधारण 10 मिनिटांचे धडे सॉफ्टवेअरच्या नावाखाली लावलेले. आधी सॉफ्टवेअर निवडायचं, मग भाषा. मराठीही त्यात आहे. धडा कोणत्या वर्षाचा, हे शोधणाऱ्याला माहीत असावं लागत नाही.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या शिकवणीच्या साइटवर नेमकं उलटं घडतं. तिथलं वर्गाचं पान मुळात बातम्यांसारखं, नवं वर आणि जुनं खाली. रायटरचे 80 धडे झाले आणि पानावर 10 दिसत असले, की ‘फाइल उघडणे’ हा पहिला धडा आठव्या पानावर जातो. पत्त्याच्या शेवटी `?order=asc` लावून पाहिलं, तर तेच पान पहिल्या धड्यापासून सुरू होतं. शिकवणीच्या वर्गांना हाच क्रम कायमचा लावून द्यावा. वर्गही थोडे, सॉफ्टवेअरच्या नावाचे आणि एका धड्याला एकच.

टॅगचा घोळ वेगळा. एकाने ‘मेल मर्ज’ लिहिलं, दुसऱ्याने ‘मेलमर्ज’, तिसऱ्याने `mail merge`. तीन टॅग, तीन पानं, आणि प्रत्येकावर दोन-चार धडे. वाचक एका पानावर पोहोचतो आणि बाकीचे धडे नाहीतच असं समजून परततो. हा पसारा एका आज्ञेत समोर येतो:

```
wp term list post_tag --fields=name,slug,count --orderby=count
```

ज्या टॅगपुढे 1 आहे तो कशालाच कशाशी जोडत नाही. तो आधी काढावा. जुळे टॅग एकत्र करताना क्रम पाळावा लागतो. आधी सगळ्या धड्यांना योग्य टॅग लावायचा, मग चुकीचा काढायचा, शेवटी त्याच्या जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 वळण द्यायचं. टॅग काढल्याने धडे जात नाहीत, पण त्याचा पत्ता मरतो. वळण विसरलं, तर बाहेरून आलेल्याला 404 दिसतं.

देवनागरीत आणखी एक खोच आहे. पत्त्यातलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 9 जागा खातं आणि वर्डप्रेस 200 जागांनंतर छाटतं. म्हणजे जेमतेम 22 चिन्हं. ‘लिबरऑफिस रायटरमध्ये मेल मर्ज’ या टॅगच्या पत्त्यातून ‘मर्ज’च गळतं. याच सुरुवातीचा दुसरा टॅग आला, तर दोघांचा पत्ता सारखाच होऊ पाहतो आणि दुसऱ्याला `-2` चिकटतं. नाव मराठीत ठेवून पत्ता `mail-merge` असा हाताने टाकला, की हा प्रश्न उरत नाही. मात्र हे टॅग तयार करतानाच करावं, कारण नंतर पत्ता बदलला, तर वर्डप्रेस धड्यांसाठी जुना पत्ता लक्षात ठेवतं, टॅगसाठी नाही.