ओझं वाढलं म्हणून पद वाढत नाही

मार्च उजाडला की पुण्यातल्या आयटी कंपन्यांत स्वतःचं मूल्यमापन लिहिण्याचा हंगाम येतो आणि मला दरवर्षी तेच रडगाणं वाचावं लागतं. एवढी तिकिटं बंद केली, एवढ्या रात्री ऑन-कॉल काढल्या, दिवाळीतही लॅपटॉप उघडला. सिनिअर इंजिनिअरचा लीड व्हायचंय, आणि पुरावा काय, तर ‘मी दोन सिनिअर इंजिनिअरांचं काम एकटा करतो’. अरे, मग दोघांचा पगार माग ना! लीडपद कशाच्या जोरावर मागतोस?

बढत्या ठरवणाऱ्या बैठकांत मी बसतो. तिथे तुमचा मॅनेजर तुमची बाजू मांडतो, आणि ऐकणाऱ्यांतले बहुतेक तुम्हाला ओळखत नाहीत. त्यांचीही माणसं त्याच जागांसाठी रांगेत असतात. एका नावाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. ‘फार मेहनती आहे हो’ म्हटलं की सगळे माना डोलावतात, बोनस थोडा वाढवायचं ठरतं आणि पुढचं नाव येतं. बढतीसाठी प्रश्न वेगळे असतात. कोणता निर्णय याने स्वतः घेतला? त्यामुळे याच्या टीमबाहेर कोणाचं काम बदललं? हा नसता तर ते झालं असतं का?

पेमेंटच्या टीममधल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. बँकेकडून रोज येणारी सेटलमेंटची फाइल आणि आमच्या नोंदी जुळत नसत. ती रोज सकाळी फरक शोधून हाताने दुरुस्त करायची. पहिल्या अर्जात तिने हेच लिहिलं: इतके फरक मिटवले, एकही चुकला नाही. खरं होतं, पण बढती मिळाली नाही. मिळायला नकोच होती. त्या अर्जातून एवढंच सिद्ध होत होतं की ती त्याच खुर्चीवर फार उपयोगी आहे. अशा माणसाला तिथून हलवायची कोणत्याही मॅनेजरला घाई नसते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पुढे तिने फरक मिटवणं थांबवून ते येतात कुठून, ते शोधलं. बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही की ऑर्डरची सिस्टीम तीच विनंती पुन्हा पाठवत होती. पेमेंटची सिस्टीम त्या विनंतीला दर वेळी नवा क्रमांक देत होती आणि हिशेबाच्या सिस्टीमचा क्रमांक तिसराच होता. त्यामुळे एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होत. उपाय सोपा होता. ऑर्डर तयार होतानाच एक क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवतानाही तोच वापरायचा, आणि तो आधी आलेला असेल तर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत करायचं. अवघड होतं ते तीन टीमांना राजी करणं. त्यातल्या दोन तिच्या मॅनेजरच्या हाताखालीही नव्हत्या. तिने चार पानी टिपण लिहिलं, कोणाला किती काम पडेल ते मांडलं, आणि महिनाभर जुने-नवे दोन्ही क्रमांक चालू ठेवण्याची अट स्वतःहून घातली. परताव्याचा भाग तिने मुद्दाम बाहेर ठेवला, कारण तो धरला असता तर हिशेबवाल्यांनी सगळंच अडवलं असतं.

दुसऱ्या अर्जात तिकिटांचा आकडा नव्हता. ते टिपण होतं, काय वगळलं आणि का, ते होतं, हिशेबाच्या लीडने लिहून दिलेल्या चार ओळी होत्या, आणि रोजची दुरुस्ती बंद झाल्याचा पुरावा होता. त्या वर्षात तिची तिकिटं आधीपेक्षा कमी होती. बढती मिळाली.

हे वाचून काही हुशार लोक लगेच पाच टीमांच्या बैठका बोलावून मिनिट्स लिहू लागतील आणि अर्जात ‘पाच टीमांचं नेतृत्व’ ठोकून देतील. हे सोंग पकडायला वेळ लागत नाही. त्या पाचांपैकी एका लीडला विचारायचं, या माणसामुळे तुम्ही काय वेगळं केलंत? ‘बैठका वेळेवर व्हायच्या’ असं उत्तर आलं की संपलं.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. काही टीमांत पुढच्या पायरीचं कामच नसतं. तिथे वर्षानुवर्षं ‘थोडं आणखी दाखव’ म्हणत माणसाला राबवून घेतलं जातं आणि दाखवायचं काय, ते कोणी सांगत नाही. म्हणून यंदा फॉर्म उघडण्याआधी मॅनेजरला थेट विचारा: लीडच्या दर्जाचा, अजून कोणी न सोडवलेला प्रश्न या टीममध्ये कोणता आहे, आणि तो माझ्याकडे द्याल का? उत्तर ईमेलवर घ्या. उत्तर आलं नाही, तर फॉर्म भरण्यात रविवार वाया घालवू नका, टीम बदला.