खांब सरळच आहेत, पॅन आवरा!

कॉलेजच्या फेस्टचा आफ्टरमूव्ही उघडा. कुठल्याही कॉलेजचा चालेल. पहिल्या वीस सेकंदांत एक शॉट हमखास येतो. फोन आडवा धरलेला, इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्रकन फिरवलेला, खाली दणदणीत बीट. आता तोच शॉट मध्येच थांबवा आणि खांबांकडे बघा. सगळे तिरके! पॅन थांबतो तिथे तर अख्खी इमारत जेलीसारखी डुचमळून मग सरळ उभी राहते. यावर ग्रुपमधला सल्ला ठरलेला असतो. 'शटर स्पीड वाढव', 'गिम्बल घे', नाहीतर थेट 'फोन बदल'. माझं म्हणणं असं, की यातला पहिला सल्ला चुकीचा आहे, दुसरा अर्धा बरोबर आहे आणि तिसऱ्याची बहुतेकांना गरजच नाही.

मुळात होतं काय, ते वर्गातल्या हजेरीवरून बघू. सर पहिल्या बाकापासून हजेरी घेत शेवटच्या बाकाकडे येतायत आणि तेवढ्यात सगळी पोरं हळूहळू उजवीकडे सरकतायत. सरांच्या वहीत पहिला बाक मूळ जागी, मधला थोडा सरकलेला आणि शेवटचा पार भिंतीला टेकलेला. फोनचा सेन्सर असाच चालतो. तो पूर्ण फ्रेम एका झटक्यात टिपत नाही, एकेक ओळ वरून खाली वाचत जातो. हे रोलिंग शटर. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत काही मिलिसेकंदांचं अंतर राहतं. तेवढ्यात तुम्ही फोन फिरवलात, तर खांबाचा माथा एका जागी आणि पाया दुसऱ्या जागी नोंदला जातो.

हा आजार फोनबरोबर आलेला नाही, बरं का. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी फ्रेंच फोटोग्राफर जॅक आन्री लार्तीग यांनी रेसमधल्या गाडीचा एक फोटो काढला. त्यात गाडीचं चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला कललेत. त्यांच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट काचेवरून सरकत जायची आणि ते गाडीबरोबर कॅमेराही फिरवत होते. कारण तंतोतंत तेच. फरक इतकाच, की त्या फोटोला आज कलाकृती म्हणतात आणि आपल्या शॉटला 'अरे हे काय' म्हणतात.

आता आकड्यात बघू. समजा, तुमचा फोन एक फ्रेम वाचायला 20 मिलिसेकंद घेतो. तुम्ही एका सेकंदात 90 अंश फिरलात, म्हणजे काटकोनात वळलात. आडव्या फोनच्या मुख्य लेन्सला व्हिडिओत साधारण 60 अंशांची रुंदी दिसते, असं धरू. म्हणजे सेकंदाला दीड फ्रेम एवढं दृश्य सरकलं. 20 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, तेवढ्यात रुंदीच्या तीन टक्के. फुल एचडीत हे सुमारे 58 पिक्सेल होतात आणि फ्रेमची उंची 1080. तिरकेपणा निघतो तीन अंश. पिसाचा जगप्रसिद्ध मनोरा जेमतेम चार अंश कललेला आहे! म्हणजे एका सेकंदाच्या पॅनमध्ये तुम्ही कॉलेजची इमारत जवळपास पिसाला नेऊन ठेवली.

हाच पॅन चार सेकंदांत केला, तर तिरकेपणा एक अंशाच्याही खाली येतो आणि सहसा कोणाला दिसत नाही. याउलट 2x झूम लावून तोच एक सेकंदाचा पॅन केलात, तर तिरकेपणा दुपटीला जातो, सहा अंशांच्या घरात. म्हणून माझा पहिला आग्रह अगदी फुकटातला आहे. झूम काढा, दोन पावलं पुढे जा आणि हळू फिरा. वेग हवाच असेल, तर तो एडिटमध्ये वाढवता येतो. चार सेकंदांचा पॅन दुप्पट वेगाने चालवला तरी खांब तेवढेच सरळ राहतात, कारण प्रत्येक फ्रेम शूट होतानाच सरळ आलेली असते.

आता त्या 'शटर स्पीड वाढव'कडे येऊ. शटर स्पीड म्हणजे एकेका ओळीवर किती वेळ प्रकाश पडला. तो 1/2000 केलात तर प्रत्येक ओळ कडक शार्प येईल, पण पहिल्या आणि शेवटच्या ओळीतलं अंतर आहे तेवढंच राहील. उलट धूसरपणा गेल्यामुळे तिरका खांब आणखी ठसठशीत दिसेल. 1/50 वर ठेवलात तर वेगाच्या पॅनमध्ये खांब पुसट होतो आणि त्याचं झुकणं त्या पुसटपणात लपतं. आणखी एक फायदा आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 1/50 किंवा 1/100 वर ट्यूबलाइटचे पट्टे येत नाहीत.

पण हेच पट्टे एका कामाला मस्त उपयोगी पडतात. तुमचा फोन नेमका किती मिलिसेकंदांत फ्रेम वाचतो, हे जाहिरातीत सापडत नाही. घरीच मोजा. चोकवाली जुनी ट्यूबलाइट शोधा, कॉलेजच्या जिन्यात किंवा स्टोअररूममध्ये नक्की असेल. ती सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांनी एकदा. फोन आडवा धरा, प्रो मोडमध्ये शटर 1/2000 करा आणि त्या ट्यूबने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीचा व्हिडिओ घ्या. (आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने बदलता येत नाही, तिथे ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं फुकट ॲप लागेल.) भिंतीवर आडवे काळसर पट्टे दिसतील. वरपासून खालपर्यंत दोन पट्टे बसले तर तुमचा फोन साधारण 20 मिलिसेकंद घेतो, एक बसला तर 10. चांगल्या एलईडी दिव्याखाली पट्टे येणारच नाहीत, तेव्हा दिवा नीट निवडा.

हीच चाचणी 30 आणि 60 एफपीएसवर करून बघा. 60 वर पुढची फ्रेम साडेसोळा-सतरा मिलिसेकंदांत सुरू व्हायची असते, त्यामुळे आधीची त्याच्या आत वाचून संपवावीच लागते. 30 वर फोनला निवांत वाचायची मुभा असते. काही फोन ती घेतात, काही घेत नाहीत. तुमच्या फोनमध्ये 60 वर पट्टे कमी झाले, तर पॅनसाठी 60 वापरा. सारखेच राहिले, तर उगाच स्टोरेज भरू नका.

आता गिम्बल. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो आणि गोंधळ तिथेच होतो. एकसारख्या वेगाने फिरलात तर खांब झुकतो आणि झुकलेलाच राहतो. वेग कमी-जास्त झाला, हाताला धक्का बसला किंवा पॅन खाडकन थांबवलात, की झुकणं फ्रेमागणिक बदलतं. डुचमळणारी जेली ती हीच. गिम्बल हाताचे धक्के काढतो, म्हणून जेली जाते. पण मुद्दाम केलेल्या वेगवान पॅनचा तिरकेपणा गिम्बलवरही तसाच राहतो. गिम्बल नसेल तर कोपर पोटाला चिकटवा, पाय पॅन जिथे संपणार त्या दिशेला रोवा, कंबर आधीच उलट वळवून घ्या आणि मग ती सोडत या. सुरुवात आणि शेवट मऊ ठेवा.

फोनमधलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनही मदत करू शकतं. फोनमधल्या जायरोला कुठल्या क्षणी फोन किती फिरला हे कळतं, त्यावरून ओळी मागे-पुढे सरकवून खांब सरळ करता येतो. पण हे फोन फिरण्यापुरतं झालं. लोकलच्या खिडकीतून शूट करा म्हणजे मर्यादा कळेल. गाडी ताशी 60 किलोमीटरने चाललीये, म्हणजे 20 मिलिसेकंदांत 33 सेंटिमीटर. पाच मीटरवरचा ओव्हरहेड वायरचा खांब सुमारे सहा अंश झुकेल आणि पन्नास मीटरवरची बिल्डिंग अर्ध्या अंशाच्या आसपास. जायरोच्या लेखी तर फोन फिरलेलाच नाही, मग तो सरळ काय करणार?

रीलवाल्यांसाठी एक गंमत. फोन उभा धरला की सेन्सरच्या ओळीही उभ्या होतात आणि वाचन डावी-उजवीकडे चालतं. मग आडव्या पॅनमध्ये खांब झुकत नाहीत. त्याऐवजी सगळं थोडं रुंद किंवा अरुंद होतं. आपल्या मघाच्याच वेगाला साधारण पाच टक्के, एका दिशेला फिरलात तर मित्र जाडा, उलट फिरलात तर बारीक. हे नजरेला फारसं खटकत नाही. रील्समधले सपासप पॅन चालून जातात याचं एक कारण मला हेच वाटतं. तोच हात आडव्या शॉर्टफिल्मला लावला की मात्र पिसा!

व्हिप पॅनला माझा विरोध नाही. दोन शॉट जोडायला तो वापरायचा आणि चित्र पूर्ण पुसट असतानाच कट मारायचा, तर तिरकेपणा दिसायला वेळच मिळत नाही. माझा विरोध आहे तो माहिती देणाऱ्या पॅनला. जुनी इमारत, पूल, रस्त्यालगतची संरक्षक भिंत यांचे व्हिडिओ 'झुकलीये बघा' म्हणून फिरतात, तेव्हा तो झुकाव भिंतीचा आहे की हाताचा, हे आधी तपासायला हवं. तपासणं सोपं आहे. पॅन उजवीकडे जाताना आणि डावीकडे परतताना तीच भिंत थांबवून बघा. झुकाव बाजू बदलत असेल तर तो कॅमेऱ्याचा. दोन्ही वेळा एकाच बाजूला असेल, तर भिंतीकडे गंभीरपणे बघायची वेळ आली आहे. स्वतः शूट करत असाल, तर दहा सेकंद फोन कठड्यावर टेकवून स्थिर घ्या. लोकांच्या घराबद्दल काही सांगताना पॅनचा शौक थोडा बाजूला ठेवता येतो.

शूट होऊन गेलं असेल, तर प्रीमिअर प्रोमध्ये Rolling Shutter Repair नावाचा इफेक्ट आहे. त्यात Rolling Shutter Rate टक्क्यांत द्यावा लागतो आणि तो सुरुवातीला 50 वर असतो. तुमचे ट्यूबलाइटचे पट्टे इथे कामी येतात. 30 एफपीएसला एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची, तुमचा फोन 20 घेतो, म्हणजे आकडा 60. दिशा उलटी दिलीत तर खांब दुप्पट झुकेल, तेव्हा Scan Direction बदलून बघा. स्थिर पार्श्वभूमीवर तो बरा चालतो. मध्येच कोणी पळत गेलं, तर त्याच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या दिसतात, आणि तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो.