हिरवा आकडा म्हणजे नफा नव्हे



आपल्या घरांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: "आज ऑप्शनमध्ये दीडशे सुटले." माझं म्हणणं सरळ आहे. जोपर्यंत ब्रोकरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नाही, तोपर्यंत काही सुटलेलं नाही.

त्र्यंबकेश्वरच्या पेठेत पूजेच्या साहित्याचं दुकान चालवणारा कुणीही गल्ल्यातल्या रकमेला नफा म्हणत नाही. मालाची खरेदी, भाडं, हमाली वजा केल्याशिवाय तो आकडा तोंडावर आणत नाही. मग तोच माणूस मोबाईलवरच्या हिरव्या आकड्याला नफा कसा म्हणतो?

एक सौदा उदाहरण म्हणून घेऊ. जून २०२५, निफ्टीचा एक कॉल ऑप्शन. लॉट ७५ चा. प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, १०० रुपये. खरेदीला गेले ७,५०० रुपये. थोड्या वेळाने १०२ ला विकला, आले ७,६५० रुपये. स्क्रीनवर दिसतात १५० रुपये.

आता कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा. ब्रोकरला ती चोवीस तासांच्या आत पाठवावीच लागते. खाली एकेक ओळ वाचा. ब्रोकरेज, बऱ्याच डिस्काउंट ब्रोकरकडे ऑर्डरला २० रुपये. घेतला-विकला मिळून ४०. एसटीटी फक्त विक्रीच्या प्रीमियमवर, तेव्हाच्या ०.१ टक्के दराने, म्हणजे ७.६५, तो पूर्ण रुपयात धरतात, ८. एक्स्चेंजचा व्यवहार आकार दोन्ही बाजूंच्या प्रीमियमवर, ५.३१. स्टॅम्प ड्युटी खरेदीवर, साधारण २३ पैसे. सेबीची फी दोन पैसे. आणि ब्रोकरेज, एक्स्चेंज आकार व सेबी फी यांच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, ८.१६.

बेरीज ६१ रुपये ७२ पैसे. हातात राहिले ८८ रुपये २८ पैसे. दीडशेतले चाळीस टक्क्यांहून जास्त वाटेतच गेले.

हाच ऑप्शन १०२ ऐवजी साडेशंभरला विकला असता, तर स्क्रीनवर साडेसदतीस रुपये हिरवे दिसले असते आणि प्रत्यक्षात सुमारे २४ रुपये खिशातून गेले असते. म्हणून "दहापैकी आठ सौदे फायद्यात" हे वाक्य मला कुणी सांगू नये. किती सौदे हिरवे हे विचारायचं नाही; खर्च वजा जाता किती उरले हे विचारायचं.

बऱ्याच ब्रोकरच्या अहवालात Realised P&L हा आकडा खर्चाआधीचा असतो आणि खर्चाची बेरीज वेगळ्या ओळीत दिलेली असते. दोन्ही ओळी शोधा, एकातून दुसरी वजा करा. मग खात्याच्या लेजरशी ताळा जुळतो का बघा.

दुसरा भुलवणारा आकडा ऑप्शन विकणाऱ्याचा. ४० रुपयांना एक लॉट विकला की ३,००० रुपये प्रीमियम खात्यात जमा दिसतो. कागदावर "येणे" असं लिहिलेलं असतं, आणि घरात पेढे येतात. पण ही रक्कम कमाई नव्हे. सौदा अजून उघडा आहे. भाव ७० वर गेला आणि तो परत घ्यावा लागला, तर ५,२५० द्यावे लागतील. तीन हजारांच्या जमेचा शेवट २,२५० रुपयांच्या तोट्यात, वर खर्च वेगळा. सौदा बंद झाला किंवा मुदत संपली, तरच नफा-तोटा ठरतो.

"हा तर धंदा आहे, आपल्या रक्तात आहे" असं सांगणाऱ्यांना सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास दाखवा. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १ कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा, खर्च धरून, माणशी सुमारे दोन लाख. त्यांनी केवळ खर्चापोटी भरलेली रक्कम सुमारे ५०,००० कोटी.

आणि कित्येक घरांत हे खातं बाईच्या नावावर असतं. पॅन तुमचा, ईमेल तुमचा, पण पासवर्ड दुसऱ्याकडे. आयकराच्या लेखी हे व्यवसायाचं उत्पन्न आहे, आयटीआर-३ तुमच्या नावाने जातो. तोटा असला तरी विवरण मुदतीत भरलं तरच तो पुढची आठ वर्षं ओढता येतो. आणि ब्रोकरेज, एसटीटी हे खर्च म्हणून वजा मागायचे तर हाच कागद लागतो. ज्या खात्यावर आपलं नाव आहे, त्याचा कागद "तुला काय कळतंय" म्हणून कुणी बाजूला सारत असेल, तर त्यालाच म्हणावं, खर्चाची ओळ मोठ्याने वाचून दाखव.

दिवाळीत वहीपूजन करतो ते कोऱ्या वहीचं नाही, खऱ्या हिशोबाचं. या महिन्याची कॉन्ट्रॅक्ट नोट छापून घ्या आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचायला लागा.