नाक दाबून नको, गालातून द्या



नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, ही म्हण उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकापुरती ठेवावी. तान्ह्या बाळावर ती खरी करायला जाऊ नये. पण आपल्या अक्कलकुव्यात काय किंवा शेजारच्या गुजरातमधल्या आपल्या माहेरी-सासरी काय, औषध पाजण्याची रीत अजून तीच आहे. आजी पाय पसरून बसते, बाळाला पायांवर उताणं घेते. एकजण हात धरते, दुसरी नाक दाबते. बाळाने श्वासासाठी तोंड उघडलं की बोंडल्यातलं औषध सगळं एकदम आत. "आमची पोरं अशीच वाढली," हे वर ऐकायला मिळतंच.

माझं म्हणणं असं आहे की ही रीत आता बंद करावी. कारण साधं आहे. नाक दाबलं की श्वास घ्यायला बाळाजवळ तोंड एवढाच रस्ता उरतो. औषध त्याच रस्त्यावर पडतं आणि नेमक्या त्याच क्षणी बाळ जोरात श्वास आत ओढतं. मग औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. शिवाय उताणं, मान मागे झुकलेलं बाळ असेल तर औषध जिभेवर न थांबता थेट घशात उतरतं. एरंडेल किंवा तूप असं पाजणं तर सगळ्यात वाईट. तेलकट पदार्थ चुकीच्या नळीत गेला तरी कधी कधी खोकलाही येत नाही, तो फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. (मध आपल्याकडे वर्ज्यच आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला डॉक्टरही तो नकोच म्हणतात.)

शांत बाळाला बोंडल्याने दूध पाजणं वेगळं. पण रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाला औषध देताना बोंडल्याचा एक दोष नडतो. त्यातून किती गेलं हे कळत नाही आणि जाणारी धार थांबवता येत नाही. सिरिंजचा दट्ट्या मात्र तुम्ही थांबलात की थांबतो. म्हणून मी सिरिंजच्या बाजूची आहे.

आधी हिशेब. साडेतीन महिन्यांची लस झाली, रात्री ताप चढला, असं धरा. बाळ सहा किलोचं आहे आणि डॉक्टरांनी ६० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितलं आहे. दुकानात पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत साधारण १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपच्या एका प्रकारात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरला २५. तेच ६० मिलिग्रॅम थेंबांच्या बाटलीतून घेतले तर ०.६ मिलिलिटर आणि सिरपमधून घेतले तर २.४ मिलिलिटर होतात. आता घरात सिरप संपलं, कोणी थेंबांची बाटली आणली आणि जुन्या सवयीने २.४ भरले, तर बाळाच्या पोटात २४० मिलिग्रॅम जातील, म्हणजे चौपट. वाणिज्य शिकलेल्या बाईला एकक न बघता आकडा वाचणं सहनच होत नाही. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा, आणि सिरपचा २५० वाला प्रकारही असतो हे लक्षात ठेवा. मात्र ६० हा आकडा या उदाहरणातल्या बाळाचा आहे, तुमच्या बाळाचा डॉक्टरांकडूनच घ्या.

२.४ मिलिलिटरसाठी ५ ची सिरिंज घ्या, ०.६ साठी १ ची. मधुमेहाच्या इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका, तिच्यावर मिलिलिटर नसून युनिट असतात. सुई काढून आधी टाकून द्या. टोकावर बारीकसं टोपण असेल तर तेही काढून लांब ठेवा, कारण ते सुटून घशात अडकण्याएवढंच लहान असतं. औषध भरल्यावर टोक वर करून हवा काढा आणि मग खूण बघा.

आता बाळ. त्याला दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळा, फार घट्ट नको. मांडीवर अर्धवट बसतं घ्या, डोकं तुमच्या कोपराच्या खळीत, हनुवटी सरळ किंवा किंचित खाली. मान मागे जाता कामा नये. सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून आत न्या आणि गाल व हिरडी यांच्यामधल्या फटीत ठेवा. समोरून, जिभेच्या मधोमध, घशाच्या दिशेने कधीही नको. तिथे दाब दिला की उमाळा येतो किंवा ठसका लागतो. गालाच्या पोकळीत पडलेलं औषध मात्र आधी तिथेच साठतं, मग हळूहळू जिभेच्या बाजूने मागे सरकतं, आणि बाळाला ते चोखून गिळायला वेळ मिळतो. कडू चवही जिभेवर थेट पडत नाही. चार-सहा महिन्यांच्या आतलं बाळ जिभेने समोरची वस्तू बाहेर ढकलतंच, तो हट्ट नसतो. गालात दिलं की तेही कमी होतं.

दट्ट्या थोडाच दाबा, अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी. थांबा. गिळल्यावर पुढचं. २.४ ला पाच-सहा वेळा दाबावं लागेल, दोन मिनिटं जातील, जाऊ द्या. बाळ मोठ्याने रडत असेल तर हात पूर्ण थांबवायचा. हुंदका घेताना श्वास आत खेचला जातो, तीच वेळ धोक्याची. खांद्यावर घ्या, शांत होऊ द्या, मग उरलेलं द्या.

ठसका लागून बाळ जोरात खोकत असेल, रडत असेल, तर सिरिंज काढा आणि बाळाला थोडं पुढे झुकवून खोकू द्या. आवाज आहे म्हणजे हवा जाते आहे. आवाजच बंद झाला, रडता येईना, ओठ निळे पडू लागले, तर मात्र वाट बघायची नाही. बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, तळहाताने दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्या. श्वास मोकळा होईपर्यंत पुन्हा थापा, पुन्हा दाब. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर फोनवरून सांगतील तसं करत राहा. तोंडात न दिसणाऱ्या गोष्टीसाठी बोट घालू नका.

ठसका गेला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. पुढचा दिवसभर बाळाचा श्वास बघा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे, ते शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजलेले श्वास ५० किंवा जास्त असतील, बरगड्यांखाली छाती आत खेचली जात असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर लगेच रुग्णालयात. सातपुड्यातल्या पाड्यावरून यायला वेळ लागतो, म्हणून निघण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

एक मर्यादा स्पष्टच सांगते. बाळ गुंगीत असेल, झटके येत असतील, दूध ओढतच नसेल किंवा धाप लागली असेल, तर तोंडाने काहीच द्यायचं नाही, गालातूनही नाही. अशा बाळाला गिळता येत नाही. तिथे आपली रीत काय नि नवी काय, दोन्ही चालत नाहीत, डॉक्टरच लागतात.

राहिला चौविहाराचा प्रश्न. काही घरांत सासूबाई म्हणतात, रात्रीचा डोस सूर्यास्ताआधीच उरकून टाका. तान्ह्याला रात्रीभोजन-त्यागाचं बंधन नसतं, आणि पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत डॉक्टरांनी सांगितलेले तास गेलेच पाहिजेत. पाचचा डोस साडेपाचला पुन्हा, असं करून चालत नाही. उलट, औषध दिल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायचं की नाही हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

सिरिंज वापरल्यावर दट्ट्या वेगळा काढून पक्क्या पाण्याने धुवा आणि उघडीच वाळू द्या. वरचे आकडे पुसट झाले की ती फेकून नवी आणा, तिची किंमत काही फार नसते.