गुणपत्रकातलं # हे चिन्ह आणि आपण

(सहामाहीचा निकाल लागल्यापासून स्टाफरूममध्ये या एका चिन्हावरून बरीच खडाजंगी चालू आहे. तोंडी बोलताना विषय भरकटतो, म्हणून सहकाऱ्यांना हे पत्र लिहिलं. घरातली मंडळी नेहमी विचारतात की निकालाच्या वेळी तू कॉम्प्युटरसमोर एवढं काय करत असतेस, त्यांच्यासाठीही इथे ठेवतेय.)

सर आणि बाई,



निकालपत्रकाच्या फाइलमध्ये उपस्थितीच्या रकान्याशेजारी # उमटतं, त्याबद्दल गेल्या आठवड्यात तीन मागण्या झाल्या. # असलेल्यांचं गुणपत्रक अडवून ठेवावं, त्यांचे अंतर्गत गुण कापावेत आणि हे चिन्ह छापील गुणपत्रकावर लाल अक्षरात यावं. या तिन्हींना माझा विरोध आहे. पण आधी ते चिन्ह येतं कसं ते सांगते, कारण निम्मं भांडण तिथेच मिटेल असं मला वाटतं.

फाइलमध्ये प्रत्येक मुलाची एक ओळ आहे. C रकान्यात कॅटलॉगवरून मोजलेले हजर दिवस, D रकान्यात त्या मुलासाठी आजवर झालेले कामाचे दिवस. बाकी सगळं हे एवढंच:

```
=IF(D5=0,"",IF(C5/D5<0.75,"#",""))
```

म्हणजे हजर दिवसांना कामाच्या दिवसांनी भागायचं आणि उत्तर ७५ टक्क्यांपेक्षा कमी आलं की # लावायचं. गुणांशी याचा काही संबंध नाही. मुद्दाम * वापरलेलं नाही, कारण आपल्याकडे * वाढीव गुणांसाठी आहे. दोन्हींची गल्लत झाली तर पालक म्हणणार, पोराला ढकलून पास केलंय.

आता पहिली तक्रार. "टक्के ७५ दिसतायत, तरी # कसं?" गेल्या वर्षी कामाचे दिवस २२० भरले होते. नववीतली एक मुलगी १६४ दिवस हजर होती. १६४ भागिले २२० म्हणजे ७४.५५ टक्के. पण तो रकाना पूर्णांकात दाखवायला सांगितलेला असल्यामुळे पडद्यावर ७५ दिसतं. दिसतं ते वेगळं आणि मोजलं जातं ते वेगळं. पंचाहत्तर टक्के व्हायला १६५ दिवस लागतात, तिचा एक दिवस कमी पडला. सूत्रातच पूर्णांक करून टाका म्हणजे वाद मिटेल, अशी सूचना आली होती. वाद मिटेल, पण ७५ ची अट गुपचूप साडेचौऱ्याहत्तरची होईल. त्यापेक्षा टक्क्यांऐवजी सरळ "१६४ / २२०" असं छापू या. पालकांना टक्क्यांपेक्षा दिवस लवकर कळतात, आणि एका दिवसासाठी बोलायला आलेल्या आईला आपण कॅटलॉग उघडून दाखवू शकतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, आणि तिथे दोष सूत्राचा नसून आपल्या सवयीचा आहे. D रकाना मी प्रत्येक मुलासाठी वेगळा ठेवलाय. बरेच जण तिथे वर्गाचा एकच आकडा वरून खालपर्यंत ओढून टाकतात. शाळा सुरू झाल्यावर ३८ दिवसांनी दाखला घेऊन आलेल्या मुलाचं बघा. तो १५० दिवस हजर होता. २२० ने भागलं तर ६८ टक्के, म्हणजे #. पण त्याच्यासाठी शाळा १८२ दिवसच होती. १८२ ने भागलं तर ८२ टक्के. एकच मूल, एकच कॅटलॉग, पण एका आकड्याने दांडीबहाद्दर ठरतं. जिल्हास्तरावर खो-खो खेळायला गेलेल्या मुलींचंही तेच. शाळेनेच पाठवलं, आणि कॅटलॉगमध्ये ती चौकट कोरी राहिली. कोरी चौकट मोजणीत हजर धरली जात नाही, म्हणजे गैरहजरच झाली. तेव्हा एखाद्या वर्गात एकाच दिवशी सगळे गैरहजर दिसले, किंवा अख्ख्या संघाला एकदम # लागलं, तर मुलांना बोलावण्याआधी कॅटलॉग बघा.

आता मूळ मुद्दा. आपण या चिन्हाला धोक्याची घंटा समजतो. मी म्हणते, ही घंटा फार उशिरा वाजते, आणि कधी कधी उगाचच वाजते.

जूनमध्ये शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले, मूल तापाने तीन दिवस आलं नाही. सत्तर टक्के, लगेच #. त्याला काही अर्थ नाही. उलट दुसरा एक मुलगा घ्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ११२ दिवस झाले, तो १०० दिवस हजर. ८९ टक्के, कुणाला शंका येणार? सुट्टीनंतर तो येतच नाही. आपल्या भागात हे कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कारखाने सुरू झाले की कोयता घेऊन निघतात, आणि पोरं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. त्याच्या नावापुढे # कधी येईल? गणित करून बघा. तो गैरहजर राहायला लागल्यावर बाविसाव्या दिवशी! तेव्हा १३४ पैकी १०० होतात, म्हणजे ७४.६. एकविसाव्या दिवसापर्यंत फाइल म्हणते, सगळं ठीक आहे. शाळेचे बावीस दिवस म्हणजे जवळजवळ महिना. तोवर तो कुठल्या फडात आहे हे गावातही धड कुणाला माहीत नसतं.

याचं कारण साधं आहे. टक्केवारी ही सरासरी आहे, आणि आधी नियमित आलेल्या मुलाची सरासरी हळूहळू उतरते. म्हणजे जो नियमित होता आणि अचानक थांबला, त्याच्याबद्दल हे चिन्ह सगळ्यात उशिरा बोलतं. आणि नेमका तोच मुलगा आपल्या हातून जात असतो.

म्हणून मी फाइलमध्ये आणखी एक रकाना घातलाय. G मध्ये त्या मुलाचे वर्षभराचे एकूण दिवस, आणि H मध्ये हे:

```
=INT(G5/4)-(D5-C5)
```

याचा अर्थ, वर्षभरात जास्तीत जास्त किती दिवस चुकवता येतील त्यातून चुकलेले वजा. २२० चा चौथा हिस्सा ५५. चुकलेला दिवस परत येत नाही, त्यामुळे हा आकडा फक्त खाली जातो, टक्क्यांसारखा वरखाली नाचत नाही. सहामाहीला # लागलेली एक मुलगी आहे, ११२ पैकी ७९ दिवस हजर, ३३ चुकलेले. टक्के ७१. "हिचं काही खरं नाही" असं तिच्यासमोर बोललं गेलं. पण H मध्ये तिचा आकडा २२ आहे! दुसऱ्या सत्रातल्या १०८ दिवसांपैकी ८६ दिवस आली की तिचे १६५ पूर्ण होतात. हे तिला सांगायचं सोडून आपण तिचे गुण कापायचं बोलतोय. H शून्याखाली गेल्यावर मात्र काही केलं तरी ७५ होत नाहीत, आणि ती बातमी मार्चमध्ये देण्यात काय हशील?

अट खोटी आहे असं मी म्हणत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के उपस्थिती राज्य मंडळालाही लागते आणि सीबीएसईलाही. आजारपणासारख्या खऱ्या कारणासाठी कागदपत्रं जोडून सवलत मागायची सोय तिथे आहे. पण ती वेळेवर मागावी लागते, म्हणजे कारण आपल्याला आधी माहीत पाहिजे. आणि # कारण सांगत नाही. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलेली, टायफॉइडने अंथरुणाला खिळलेला आणि नदीवर पोहायला गेलेला, तिघांना तेच चिन्ह. गुणपत्रक अडवलं तर तिसऱ्याला कदाचित जरब बसेल. पहिली मात्र शाळाच सोडेल, कारण घरी तेवढंच निमित्त हवं असतं. आठवीपर्यंतच्या मुलांना तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतून काढताच येत नाही, मग कागद अडवून आपण नेमकं काय मिळवणार? आणि अंतर्गत गुण हे मुलाला विषय किती आला त्याचे असतात. त्यात हजेरी कालवली की ना विषय कळतो ना हजेरी.

"मग शिस्त कशी राहणार?" हा प्रश्न विज्ञानाच्या सरांनी विचारला, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की शिस्त आधी आपल्या कॅटलॉगला लावू या. हजेरी पहिल्या तासालाच भरायची, शनिवारी आठवड्याची एकदम नाही. कोरी चौकट ठेवायची नाही. सलग तीन दिवस मूल आलं नाही की वर्गशिक्षकाने घरी फोन करायचा, फोन लागला नाही तर त्याच आळीतल्या मुलाबरोबर निरोप. आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच विचारायचं, यंदा घरचे तोडणीला जाणार आहेत का? मूल आजीकडे राहू शकतं का? धाकट्या वर्गांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, शिक्षण हमी कार्डही आहे. पण दोन्हींची तयारी मूल गावात असताना करायची. ट्रॉली गेल्यावर # बघून त्यातलं काही होत नाही.

छापील गुणपत्रकावर लाल अक्षरांचा प्रश्न तर आपल्या प्रिंटरनेच निकालात काढलाय, तिथे लाल काय नि निळं काय, सगळं करडंच येतं. चिन्ह उपस्थितीच्या रकान्यातच राहू दे आणि खाली एक ओळ असू दे: "# : उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी. वर्गशिक्षकांना भेटावे."

आणि पालक भेटायला आले, तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी ही विनंती.

आपली,
निकालपत्रकवाली बाई

ता.क. नवीन फाइल ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवली आहे. D रकाना कृपया वरून खाली ओढू नका.