न मागितलेल्या सेवेचे पैसे परत करा: मोबाईल कंपनीला जाहीर इशारा

माझ्या आईच्या पोस्टपेड बिलात गेले तीन महिने 'गेम पॅक' म्हणून ९९ रुपये लावले जात आहेत. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ११६ रुपये ८२ पैसे. आईकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यात इंटरनेट नाही. ती कोणता गेम खेळत होती, हे कंपनीने सांगावे.

१९८ वर तक्रार केली. डॉकेट क्रमांक मिळाला आणि पुढे मेसेज आला: 'ग्राहकाची संमती नोंदलेली आहे, तक्रार बंद.' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. स्क्रीनवर अचानक उगवलेल्या मेसेजवर चुकून ओके दाबले गेले, तरी ती संमती ठरत नाही. ट्रायच्या जुलै २०१३ च्या आदेशानुसार सेवेची मागणी झाल्यावर तिचे नाव, दर आणि मुदत कळवून ग्राहकाकडून दुसऱ्यांदा स्पष्ट होकार घ्यावा लागतो. तो आला नाही तर एक पैसाही कापता येत नाही. म्हणून नुसते 'संमती आहे' म्हणू नका. पहिली मागणी आणि दुसरा होकार, दोन्हींची तारीख, वेळ आणि मार्ग लेखी द्या. आईच्या फोनमध्ये असा एकही मेसेज नाही.

१५५२२३ वर STOP पाठवून सेवा आम्ही बंद केली आहे. पण बंद केली म्हणजे आधीची वसुली मान्य केली, असा अर्थ काढू नका. चालू बिलातली वादाची रक्कम वगळून बाकी सगळे पैसे भरले आहेत, तसे लेखी कळवलेही आहे. तेवढ्यावरून आउटगोइंग बंद केलेत, तर तेही तक्रारीत जोडले जाईल. या फोनवरून आई दवाखान्याशी बोलते, हे तुम्हाला सांगून झाले आहे.

आजपासून पंधरा दिवसांच्या आत मागच्या दोन बिलांत घेतलेले २३३ रुपये ६४ पैसे परत जमा करा, चालू बिलातले ११६ रुपये ८२ पैसे रद्द करा आणि दुरुस्त बिल पाठवा. दरम्यान तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे आम्ही अपील दाखल करत आहोत. त्याचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर आई राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. टेलिग्राफ कायद्याची ढाल तिथे पुढे करू नका. मोबाईल सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तेव्हा साडेतीनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, या भरवशावर राहू नका. आयोगात परताव्यासोबत मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागू, आणि दुसऱ्या होकाराची नोंद तिथे शपथपत्रावर हजर करायला लावू.