शाडू की साडू?

आज एक गोष्ट सांगते. रोह्याच्या एक बाई, निवृत्त शिक्षिका. हात कापतो म्हणून लिहिणं सुटलेलं. नातीने फोनच्या कीबोर्डला मराठी भाषा जोडली आणि माइकचं चिन्ह दाखवलं. (गूगलने मराठीसाठी ही सोय २०१७ मध्ये आणली.) बाई आठवणी बोलू लागल्या.

माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. त्या म्हणाल्या, ‘शाडूची माती’, फोनने लिहिलं ‘साडूची माती’! डोळ्यांच्या ‘आखणी’चं झालं ‘आणखी’. जरा दम घेतला की माइक बंद, आणि पूर्णविरामाचा तर पत्ताच नाही. आठवड्याने वाचायला घेतलं, तर मधली चार वाक्यं मूळ काय होती ते त्यांनाच आठवेना. घरात मुलींना आखणीला बसवत नसत, तरी वडिलांनी एकदा ब्रश हातात दिला होता. नेमकं तेच हरवलं.

आता त्या पाच-सहा वाक्यंच बोलतात, लगेच मोठ्याने वाचतात आणि चुकलेला शब्द बोटाने दुरुस्त करतात. मला विचाराल तर एवढी कटकट हवीच. नाहीतर फोनला येणारे शब्द तेवढे उरायचे.

परवा वडिलांचा तो प्रसंग त्यांनी पुन्हा सांगितला. ‘शाडू’ बरोबर उमटलं. ‘आखणी’ मात्र कापऱ्या बोटानेच लिहावं लागलं.